कोवळी आणि ताजी: भाजी निवडताना विचारायचे दोन प्रश्न

बाजारात भाजीच्या गाळ्यावर दिवसातून अनेकदा पाणी शिंपडले जाते. त्यात फसवणूक काही नाही. तोडलेली भाजीसुद्धा श्वास घेत असते, तिच्यातले पाणी सतत उडत असते, आणि उघड्यावर मांडलेला माल तगवायला विक्रेत्याजवळ पाण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. पण गिऱ्हाइकाची त्यामुळे अडचण होते. पहाटे आलेली पालकाची जुडी आणि कालची उरलेली जुडी, दोन्ही सारख्याच तजेलदार दिसतात. नुसत्या नजरेवर भाजी घेतली तर घरी जाऊन जुडी सोडेपर्यंत काही कळत नाही. म्हणून भाजी हातात घ्यावी लागते, आणि हातात घेतल्यावर नेमके काय बघायचे ते माहीत असावे लागते.

बघायच्या गोष्टी मुळात दोनच आहेत. पहिली, ही भाजी तोडली तेव्हा तिचे वय काय होते. दुसरी, तोडल्याला किती वेळ झाला. या दोन्ही गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या आहेत आणि बाजारात बहुतेकांची गल्लत होते ती इथेच. आज पहाटे वेलीवरून काढलेला दुधी अगदी ताजा असतो, पण तो जून असू शकतो. उलट वेळेवर तोडलेला कोवळा दुधी चार दिवस पोत्यात पडून शिळा झालेला असू शकतो. शिळेपणावर थोडाफार इलाज आहे. मलूल झालेली कोथिंबीर मुळाकडून पाण्यात ठेवली तर तासाभरात मान वर काढते. जूनपणावर इलाज नाही. गवारीच्या शेंगेत एकदा धागा धरला की कुकरच्या कितीही शिट्ट्या केल्या तरी तो दातांत येणारच.

त्यात प्रत्येक भाजीची तोडायची योग्य वेळ वेगळी. टोमॅटो आपण पिकल्यावर खातो. दुधी, दोडका, कारले ही फळेच, पण ती पिकण्याच्या खूप आधी खायची असतात. शेंगा खायच्या त्या आतले दाणे भरायच्या आत. आणि पालेभाजी खायची ती झाडाला फुलावर यायचे वेध लागण्यापूर्वी. हे एकदा ध्यानात आले की खुणा पाठ करत बसावे लागत नाही. त्या आपोआप सुचत जातात.

टोमॅटो: रंगाच्या आधी देठ आणि वजन

टोमॅटो घेताना सगळ्यांची नजर रंगावर जाते. रंग उपयोगाचा आहे, पण तो जेवढा वाटतो तेवढा खात्रीचा नाही. टोमॅटोचा लाल रंग लायकोपिन नावाच्या द्रव्याचा असतो, आणि ते तयार व्हायला माफक ऊब लागते. तापमान ३० अंशांच्या पुढे सतत राहिले की लायकोपिन नीट बनत नाही, पिवळे-केशरी द्रव्य मात्र बनत राहते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत बाजारात येणारे टोमॅटो देठाजवळ पिवळट किंवा एकूणच केशरी दिसतात. ते कच्चे असतातच असे नाही. उन्हाळ्यात रंगावरून टोमॅटो नाकारला तर चांगला पिकलेला मालही हातचा जातो.

मग पिकलेला कसा ओळखायचा? अंगठ्याच्या पेराने, नखाने नव्हे, देठाच्या विरुद्ध टोकाला हलके दाबावे. टोमॅटोत पिकण्याची क्रिया या खालच्या टोकाकडून सुरू होते आणि रंग वर देठाकडे चढत जातो. तिथे किंचित दबून पुन्हा जागेवर आला तर तो आज-उद्याच्या भाजीला योग्य. अजिबात दबला नाही तर दोन-चार दिवस टिकणारा. दबून खड्डा तसाच राहिला तर आत पाणी सुटायला लागले आहे, लगेच रस्सा किंवा सार करायचे असेल तरच घ्यावा.

तो तोडून किती वेळ झाला हे मात्र देठ सांगतो. टोमॅटोच्या सालीला पानासारखी सूक्ष्म छिद्रे नसतात, वर मेणाचा पातळ थर असतो. त्यामुळे फळातले पाणी आणि वायू बहुतेक सारे ये-जा करतात ते देठाच्या जागेतून. देठावरची हिरवी पाकळ्यांसारखी चांदणी ताठ आणि हिरवी असेल तर माल नवा. ती सुकून तपकिरी, कुरकुरीत झाली असेल तर टोमॅटो क्रेटमध्ये बरेच दिवस काढून आला आहे. चांदणी गळून गेली असेल तर त्या खोलगट जागेकडे बघावे. ती कोरडी व स्वच्छ असावी. तिथे ओलसर काळपटपणा किंवा पांढरी बुरशी दिसली तर नासायला सुरुवात तिथूनच झालेली असते.

तिसरी खूण वजनाची. सारख्या आकाराचे दोन टोमॅटो दोन हातांत घेतले की फरक लगेच कळतो. जो आकाराच्या मानाने हलका, बाजूंना किंचित चपटा आणि कोनाकोनाचा असतो, तो आतून पोकळ निघतो. कडक ऊन किंवा कडक थंडीत परागीभवन नीट झाले नाही की बियांभोवतीचा गर भरत नाही, साल आणि बी यांच्यामध्ये हवाच राहते. असा टोमॅटो खराब नसतो, पण किलोभर घेतला तरी त्यातून रस निघत नाही.

पूर्ण हिरवा टोमॅटो चटणीसाठी घ्यायचा असेल तर काही बिघडत नाही. पण हिरवा घेऊन घरी पिकवायचा असेल तर एक गोष्ट जाणून घ्यावी. एक टोमॅटो आडवा चिरून बघावा. सुरी बियांना न कापता गेली, बिया बुळबुळीत गरात सरकल्या, तर फळ झाडावर पूर्ण वाढलेले होते आणि ते घरी चांगले पिकेल. सुरीने बियाच कापल्या गेल्या तर फळ अपुरे तोडले आहे. ते लाल होईलही, पण चव येणार नाही.

डागांबद्दलही थोडे सांगायला हवे. देठाभोवतीच्या बारीक सुकलेल्या भेगा पावसामुळे पडतात. कोरड्या असल्या तर त्या भागापुरते चिरून टाकावे. एका बाजूला पांढरट, कागदासारखा पातळ चट्टा म्हणजे ऊन लागलेले. तळाशी काळा, चामड्यासारखा डाग म्हणजे फळाला चुना, म्हणजे कॅल्शियम, पोचले नाही. गोल भोक असेल तर आत फळ पोखरणारी अळी असते, ते घेऊच नये. २०२० च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात लाल, पिवळे, हिरवट पट्टे पडलेले टोमॅटो बाजारात आले आणि लोकांनी त्याला ‘तिरंगा’ म्हणून घाबरून हात लावेनासे केले. तो वनस्पतींना होणारा विषाणूजन्य रोग होता. असे विषाणू माणसाला बाधत नाहीत. त्या फळांची चव आणि टिकाऊपणा कमी होता एवढेच. पण शेतकऱ्याचा माल त्या भीतीपोटी मातीमोल गेला.

दुधी आणि दोडका: वय बघायचे, आकार नव्हे

वेलभाज्यांमध्ये सगळा खेळ वयाचा आहे. फूल गळून फळ धरले की दुधी १० ते १५ दिवसांत तोडणीला येतो. त्यानंतर तो वाढत राहतो, पण ती वाढ आपल्या उपयोगाची नसते. साल टणक होते, बिया कडक होतात, बियांभोवतीचा गर भुसभुशीत होऊन पोकळी पडते. पुढे पूर्ण वाळलेल्या दुधीचे तुंबे होतात, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. वेलीचा प्रवास त्या तुंब्याकडेच चाललेला असतो. आपण त्याला मध्येच थांबवून भाजी करतो, आणि वेळेवर थांबवले का, एवढेच तपासायचे असते.

कोवळ्या दुधीच्या सालीवर बारीक लव असते. बोटे हलकेच फिरवली की ती मऊ लव हाताला जाणवते. वय वाढले की ती झडते आणि साल गुळगुळीत, पांढुरकी, टणक होते. दुधी हातात जड लागला पाहिजे, आणि बोटाने हलके वाजवले तर आवाज भरीव आला पाहिजे. पोकळ आवाज आला तर आत बियांचा पसारा आहे. लांबीवर जाऊ नये. काही जातींचा दुधी लांबसडक असूनही कोवळा असतो, आणि आखूड, गोल जातीचा लहान दिसणारा दुधी जून निघू शकतो. एकाच ढिगातल्या दुधींत मात्र जो बाकीच्यांपेक्षा फुगीर आहे तो टाळावा.

ताजेपणासाठी पुन्हा देठच बघायचा. हिरवा, रसरशीत, कापलेल्या तोंडाशी ओलसर देठ म्हणजे काल-परवाचा माल. देठ सुकून लाकडासारखा झाला, त्याच्याजवळची साल सुरकुतली, तर तो बरेच दिवस पडून आहे.

आता नखाबद्दल. दुधीला नख लावून बघायची सवय फार जुनी आहे. कोवळ्या सालीत नख सहज रुततेही. पण जिथे नख रुतते तिथे त्या फळाला जखम होते, तासाभरात ती काळी पडते आणि तिथून कूज सुरू होते. दिवसभरात वीस गिऱ्हाइकांनी वीस नखे लावलेला दुधी संध्याकाळी कोणीच घेत नाही. लव, वजन आणि आवाज या तीन खुणा पुरेशा आहेत. तरी खात्री वाटत नसेल तर विक्रेत्यालाच विचारावे, “मावशी, एक चिरून दाखवता का? कोवळा निघाला तर तोच घेते.” रोजच्या गिऱ्हाइकाला बहुतेक जणी नाही म्हणत नाहीत.

दोडक्याची कहाणी हीच, फक्त तिथे शिरा मदतीला येतात. कोवळ्या दोडक्याच्या शिरा धारदार आणि गडद हिरव्या असतात, पूर्ण दोडका सरळसोट आणि सारख्या जाडीचा असतो. जून होताना खालची बाजू फुगते, शिरा बोथट आणि फिकट होतात, आणि वजन कमी होत जाते, कारण गराची जागा आतली जाळी घेत असते. अंग घासायला वापरतात ती वाळलेली जाळी याच कुळातल्या घोसाळ्याची. फुगीर, हलका दोडका म्हणजे ती जाळी आत तयार व्हायला लागली आहे. ताजेपणासाठी दोडका दोन टोकांना धरून अगदी थोडा वाकवावा. ताजा असेल तर त्याला ताठपणा असतो. रबरासारखा लवला तर पाणी उडालेले आहे.

कारल्यात हिरवा रंग कायम असला पाहिजे. टोकाला पिवळेपणा आला की ते पिकायला लागले आहे, आत बिया लाल झालेल्या असतात. कारले, दोडका, दुधी यांवर एखादा टोचल्यासारखा बारीक ठिपका, त्यातून आलेला डिंकाचा थेंब आणि तिथेच वाकडे झालेले फळ दिसले, तर ते ठेवून द्यावे. फळमाशी तिथे अंडी घालते आणि आतून अळ्या निघतात.

या कुळातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र डोळ्यांना किंवा हाताला कधीच कळत नाही. कधीकधी एखादा दुधी, दोडका किंवा काकडी कडू निघते. तो कडवटपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो, आणि ही द्रव्ये विषारी असतात. शिजवून ती जात नाहीत. कडू दुधीचा रस पिऊन उलट्या, पोटात असह्य दुखणे, रक्ताची उलटी होणे, असे प्रकार देशात घडले आहेत आणि काही जणांचा मृत्यूही झाला आहे. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांमार्फत याचा अभ्यास करवून घेतला. त्यातला सल्ला साधा होता: रस कडू लागला तर पिऊ नये, आणि पिऊन त्रास झालाच तर ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. म्हणून दुधी चिरला की देठाकडची एक छोटी फोड जिभेला लावून बघावी. कडू लागली तर थुंकून टाकावी आणि अख्खा दुधी फेकून द्यावा. कारल्याची गोष्ट निराळी. त्याचा कडवटपणा त्याच्या जातीचा असतो आणि तो आपण जाणूनबुजून खातो.

शेंगा: मोडून बघायची, पण एकच

गवार, फरसबी, चवळीच्या शेंगा या तिघींना एकच परीक्षा पुरते. शेंग मधोमध वाकवायची. “कट्” असा आवाज होऊन दोन तुकडे झाले, तुटलेल्या ठिकाणी ओलसर दिसले आणि मध्ये धागा लोंबकळला नाही, तर शेंग कोवळीही आहे आणि ताजीही.

ही परीक्षा फसते तेव्हा मात्र नीट विचार करायला हवा, कारण शेंग न मोडण्याची कारणे दोन आहेत. शेंग वाकते, वेढे खाते, पण तुटत नाही, आणि ती चपटी, दाणे न भरलेली असेल, तर ती कोवळी होती, फक्त तिचे पाणी उडाले आहे. ती शिजते, चवीला थोडी कमी पडते इतकेच. शेंग मात्र कडक आहे, तुटताना लांब धागा सुटतो, आणि बाहेरून दाण्यांचे उंचवटे बोटांना लागतात, तर ती जून आहे. ती कोणत्याही भावात महागच पडते. शेंगेत दाणे वाढू लागले की सालीत रेषा धरतात, कारण पुढे वाळून तडकायची तयारी तिला करायची असते.

पापडी, वाल, घेवडा यांच्या बाबतीत शेंग उजेडासमोर धरावी. चपट्या शेंगेतून दाण्यांच्या सावल्या दिसतात. सालीसकट भाजी करायची तर त्या सावल्या बारीक हव्यात, आणि दाणे सोलून उसळ करायची तर भरलेल्या. म्हणजे घरी काय करायचे ते आधी ठरवून जावे. भरलेल्या शेंगेला दोष देण्यात अर्थ नाही. शेंगेवर बारीक भोक आणि त्याभोवती भुसा दिसला तर आत अळी आहे. मटाराची शेंग हलवून बघावी. आत दाणे खुळखुळले तर ती वाळत चालली आहे. मटाराचे गोडपण तोडल्यापासून कमी होत जाते, कारण दाण्यातली साखर पिष्टात बदलते, आणि उष्णतेत ते आणखी झपाट्याने घडते. म्हणून मटार थंडीतच गोड लागतो आणि घरी आणल्यावरही लगेच सोलून ठेवलेला बरा.

फरसबीवर तांबूस डाग दिसले तर ते केवळ जमिनीवरचे नसतात. शेंगा फार थंडीत ठेवल्या की असे गंजल्यासारखे डाग उमटतात. शीतगृहातून आलेल्या मालावर किंवा घरच्या फ्रीजमध्ये जास्त दिवस राहिलेल्या शेंगांवर ते दिसतात.

इथेही एक विनंती. एक शेंग मोडून बघावी, मूठभर नाही. भेंडीचे शेंडे एकामागून एक मोडून ढिगात टाकणारी गिऱ्हाइके प्रत्येक मंडईत दिसतात. त्या मोडक्या भेंड्या शेवटी विक्रेत्याच्या अंगावर पडतात, आणि तो तोटा तो दुसऱ्या दिवशीच्या भावात धरतो.

पालेभाजी: जुडीच्या मध्ये बघा

पालेभाजी सर्वांत नाजूक. पालकात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असते, आणि पसरट पातळ पानांतून ते झपाट्याने उडते. शंभर ग्रॅममधले पाच-दहा ग्रॅम पाणी गेले तरी पान मलूल दिसायला लागते. शिवाय बांधलेल्या जुडीच्या आत पानांच्या श्वसनाने ऊब साठते. वरून पाणी शिंपडले आणि आत ऊब असली की मधली पाने प्रथम चिकट होतात, मग काळी पडतात. वरची पाने तेव्हाही छान हिरवी असतात.

म्हणून जुडी हातात घेतली की प्रथम तिच्या बांधलेल्या जागी, दोरीच्या आत, दोन बोटे घालावीत. तिथे गरम, चिकट किंवा आंबूस वास आला तर ती जुडी ठेवून द्यावी. मग दोन-तीन पाने हलकी दाबावीत. ताजे पान चुरचुरते, शिळे पान फडक्यासारखे निमूट दबते. पाणी शिंपडून चमक आणता येते, हा चुरचुरीतपणा आणता येत नाही.

वयाची परीक्षा दांड्यात होते. मेथीची काडी खालच्या भागात वाकवून बघावी. सहज तुटली तर कोवळी, सालपट ओढत लोंबकळली तर जून. मेथीत पांढरट-पिवळी फुले दिसली तर तिची वेळ निघून गेली आहे. पालकात मधून उभा जाड दांडा वर आला असेल आणि त्यावर बारीक कळ्या असतील, तर झाड फुलावर येत आहे आणि पाने उग्र लागतील. माठाचे दांडेसुद्धा खातात, तेव्हा त्याचा दांडा नखाने न सोलता बोटांनी मोडावा. कोवळा पटकन मोडतो. शेपू आणि कोथिंबीर यांची खूण वासात आहे. एक पान चोळावे. वास लगेच आला तर ती ताजी.

मुळांसकट आलेली जुडी जास्त टिकते. मुळांना लागलेली माती ओलसर असेल तर ती आजचीच उपटलेली आहे. पावसाळ्यात मात्र माती पानांवरही उडालेली असते, आणि मुळे कापून टाकून धुतलेली जुडी स्वच्छ दिसली तरी ती लवकर नासते. ओली कोथिंबीर फ्रीजमध्ये ठेवली तर दोन दिवसांत काळी पडते हा अनेकांचा अनुभव याच कारणाचा.

पानांना भोके दिसली म्हणून भाजी टाकू नये. एखाद-दुसरे भोक म्हणजे किड्याने चव घेतली इतकेच. पान उलटे करून बघावे. खालच्या बाजूला चिकट हिरवे-काळे मावा कीटक दाटीने बसलेले असतील किंवा माठाच्या पानामागे पांढरे फोड असतील तर ती जुडी नको. पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा म्हणजे नागअळीने आतून खाल्लेले. ती चार पाने काढली तर बाकीची भाजी खाता येते.

एका घराची पिशवी, रविवार ते बुधवार

हे सगळे प्रत्यक्ष कसे जमवायचे ते एका साध्या हिशेबाने बघू. चार माणसांचे घर आहे, बाजार रविवारी सकाळी होतो आणि बुधवारपर्यंत पुरायला हवा. यादीत एक किलो टोमॅटो, पावकिलो गवार, एक मध्यम दुधी, एक मेथीची आणि एक कोथिंबिरीची जुडी.

आधी दिवस ठरवायचे. ज्या भाजीचे पाणी सर्वांत लवकर उडते ती आधी करायची, म्हणून मेथी रविवारी, गवार सोमवारी, आणि दुधी मंगळवारी किंवा बुधवारी. यामुळे निवडीचा कसही बदलतो. मेथी आजच चिरायची, त्यामुळे ती कोवळी आहे का हे महत्त्वाचे. थोडी मलूल असली तरी संध्याकाळच्या भाजीला चालते आणि भावही कमी लागतो. दुधी तीन दिवस ठेवायचा, तेव्हा त्याचा देठ हिरवा असायलाच हवा. टोमॅटो किलोभर एकाच रंगाचे घेऊ नयेत. चार पिकलेले आजसाठी, चार घट्ट पण रंग धरलेले उद्या-परवासाठी, आणि बाकीचे केशरी, कडक असे बुधवारसाठी. एकसारखे लाल बघून किलो घेतला तर मंगळवारी निम्मे गळायला लागतात.

पिशवीत दुधी आणि टोमॅटो तळाशी, त्यावर गवार, आणि पालेभाजी सर्वांत वर. घरी आल्यावर टोमॅटो फ्रीजबाहेर, देठाची बाजू खाली करून, एका थरात पसरावेत. १२ अंशांच्या खाली टोमॅटोचे पिकणे बिघडते आणि त्याचा वास हरवतो. पूर्ण पिकून मऊ झालेले मात्र फ्रीजमध्ये ठेवावेत, नाहीतर ते नासतील. दुधी न धुता सावलीत, हवेशीर जागी. गवार कोरड्या कापडी पिशवीत. कोथिंबीर निवडून, न धुता, कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये. पाणी चिरण्याआधी लावायचे, ठेवण्याआधी नाही.

बाजाराचा दिवस आणि वेळही विचारात घ्यावी. शेतातला माल बहुधा संध्याकाळी तोडला जातो, रात्री गाड्यांतून घाऊक बाजारात येतो, आणि किरकोळ विक्रेते पहाटे तिथून उचलतात. घाऊक बाजाराला ज्या वारी सुट्टी असते, त्या दिवशी गाळ्यावर आदल्या दिवसाचाच माल असतो. आपल्या शहरातला तो वार कोणता, हे भाजीवाल्याला एकदा विचारून ठेवावे. त्या दिवशी टोमॅटो, दुधी, कांदे घ्यावेत, पालेभाजी टाळावी.

हाताला न कळणाऱ्या गोष्टी

एवढे सगळे शिकूनही एक गोष्ट हाताला आणि डोळ्यांना कळत नाही, ती म्हणजे भाजीवर राहिलेली कीटकनाशके. सुंदर, डाग नसलेली भाजी फवारलेली असेलच असे नाही, आणि भोके पडलेली भाजी बिनफवारणीची असते हाही समज चुकीचा आहे. कुठलाही रंग किंवा वास त्याची खात्री देत नाही. वाहत्या पाण्याखाली प्रत्येक पान, प्रत्येक फळ चोळून धुणे, पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून काढणे, आणि कोबीसारख्या भाजीची बाहेरची पाने काढून टाकणे, एवढे आपल्या हातात आहे. त्याने सालीवरचा बराच अंश जातो. आत शोषलेला जात नाही.

एक गोष्ट मात्र घरी तपासता येते. भेंडी, कारले किंवा मटार अनैसर्गिक गडद, चकचकीत हिरवे दिसले तर कापसाचा बोळा लिक्विड पॅराफिनमध्ये बुडवून सालीवर घासावा. बोळा हिरवा झाला तर भाजीला मॅलाकाइट ग्रीन हा रंग लावलेला आहे, आणि ती भाजी खाऊ नये. देशाच्या अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने ही चाचणी घरगुती वापरासाठी सांगितली आहे.

उद्या बाजारात जाल तेव्हा टोमॅटोचा आणि दुधीचा देठ बघा, गवारीची एक शेंग मोडा, जुडीच्या आत दोन बोटे घाला, आणि नख मात्र कोणत्याही भाजीला लावू नका. घरी आल्यावर दुधीची एक फोड जिभेला लावल्याशिवाय तो फोडणीला टाकू नका.